एकाच रुग्णाची दोन उत्तरं: कोरडं तोंड, फ्लोराईड जेल आणि मुळावरची कीड

अंतिम वर्षाच्या मुलांसाठी सराव परीक्षेचा पेपर काढताना मी एक रुग्ण रचला आणि त्याच्यावर दोन प्रश्न बेतले. दोन्ही प्रश्नांत फरक फक्त एका वाक्याचा. पहिला प्रश्न असा:

"५८ वर्षांचे गृहस्थ. घशाच्या कर्करोगासाठी ६६ ग्रे किरणोपचार, उपचार संपून १४ महिने झाले. न चघळता गोळा केलेली लाळ मिनिटाला ०.०५ मिली. खालच्या दोन्ही सुळ्यांवर, ओठांकडच्या बाजूला, दाताच्या मानेजवळ सुमारे दीड मिलिमीटर खोल खड्डे. खड्ड्याची वरची कड एनॅमलमध्ये, खालची कड मुळावर पण हिरडीच्या वर. शेजारच्या चार दातांच्या मुळांवर पिवळट तपकिरी, चामड्यासारखे पट्टे, पण खड्डा नाही. एका दाढेवर सिरॅमिकची कॅप. दात कोरडा ठेवून काम करता येतं. स्वतःच्या मापाच्या ट्रेमधून १.१ टक्का सोडियम फ्लोराईडचं उदासीन जेल ते रोज न चुकता लावतात. सुळ्यांसाठी कोणतं भरण निवडाल?"

पर्याय चार: साधं ग्लास आयनोमर, कॉम्पोझिट, सिल्व्हर अमाल्गम, झिंक ऑक्साइड युजेनॉल.

दुसऱ्या प्रश्नात बाकी सगळं तसंच. फक्त जेलचं वाक्य बदललेलं: "जेलने तोंडाची आग होते म्हणून त्यांनी ते दोन महिन्यांतच सोडून दिलं, पुन्हा लावायला तयार नाहीत."

बहुतेक मुलांनी दोन्हीकडे ग्लास आयनोमरवर खूण केली. कारण विचारलं तर एकाच सुरात उत्तर आलं, "सर, ते फ्लोराईड सोडतं ना!" ते खोटं नाही. पण पहिल्या प्रश्नात ते उत्तर चुकतं, आणि का चुकतं हे कळायला कीड, फ्लोराईड आणि भरण ही तीन प्रकरणं एका तोंडात एकत्र बघावी लागतात. पुस्तकात ती तीन वेगळ्या विषयांत विखुरलेली असतात, म्हणून मुलं ती जोडतच नाहीत.

सुरुवात लाळेपासून करू, कारण या रुग्णाची कीड साखरेइतकीच लाळेच्या अभावाने झालेली आहे. विश्रांतीत साधारण ०.३ ते ०.४ मिली लाळ दर मिनिटाला सुटते, आणि ०.१ च्या खाली गेलं की लाळ घटली असं आपण ठामपणे म्हणतो. या गृहस्थांची त्याच्याही निम्मी आहे. किरणांच्या वाटेत मोठ्या लाळग्रंथी येतात. त्यातल्या पातळ, पाण्यासारखी लाळ करणाऱ्या पेशी किरणांना फार लवकर बळी पडतात. उरते ती थोडी, चिकट, दोरीसारखी लाळ.

१९४० च्या दशकात स्टीफनने दाखवलेला आलेख प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत प्लाकचा पीएच कोसळतो आणि मग अर्ध्या ते एक तासात हळूहळू पूर्वपदावर येतो. त्या आलेखाचा चढता भाग म्हणजे लाळेचं काम. लाळ आम्ल धुऊन नेते, बायकार्बोनेटने त्याची धार मारते, आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत आणून ठेवते. आपल्या रुग्णात हा चढ जवळजवळ आडवा पडतो. एकदा खाली गेलेला पीएच तिथेच रेंगाळतो. त्यात कोरड पडते म्हणून ते दिवसभर गोड गोळ्या चघळत असतील, तर आलेख वर यायला सवडच मिळत नाही. ही चौकशी केस लिहिताना केलीच पाहिजे. मी ती प्रश्नात मुद्दाम दिलेली नाही. ज्याने उत्तरात "आहाराचा इतिहास घेईन" असं लिहिलं, त्याला रुग्ण डोळ्यांसमोर दिसला असं मी समजतो.

आता जागा बघा. एरवी खालच्या पुढच्या दातांना कीड क्वचित लागते, कारण जिभेखालची लाळ त्यांना सतत भिजवत असते. किरणोपचारानंतर नेमके तेच दात आणि तेही मानेजवळ किडतात. जिथे कीड नसायला हवी तिथे ती दिसली, की लाळेकडे बोट जातं.

शिवाय इथली खालची कड मुळावर आहे, आणि मुळाचं गणित वेगळं. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, डेंटिनमध्ये सुमारे ७०. एनॅमल विरघळू लागण्याचा पीएच आपण ५.५ धरतो. मुळावरच्या डेंटिनसाठी तो ६.२ च्या आसपास येतो. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. भोवतालच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे त्यावर ते सरकतात, आणि लाळ कमी असेल तर ते वर सरकतात. म्हणजे एनॅमलला काहीही होत नाही अशा पीएचलाही या माणसाचं मूळ खनिज गमावत असतं.

एनॅमलमध्ये सुरुवातीच्या किडीवर खनिजाचा तुलनेने शाबूत पापुद्रा राहतो आणि नुकसान त्याच्या खाली होतं. पांढरा ठिपका दिसतो तो यामुळेच. मुळावर सिमेंटमचा थर पातळ, त्याखाली लगेच डेंटिन. आधी खनिज जातं, मग उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या जाळीला जीवाणूंचे आणि डेंटिनमधलेच एन्झाइम तोडू लागतात. चामड्यासारखा स्पर्श हा त्या उरलेल्या जाळीचा. जाळी टिकून आहे तोवर तिच्यावर खनिज परत बसू शकतं, आणि प्रश्नातल्या त्या चार पट्ट्यांची सगळी आशा एवढ्यावरच आहे.

इथे फ्लोराईड येतं. मुलांच्या उत्तरात साधारण एकच ओळ असते: हायड्रॉक्सीअपेटाइटचं फ्लोरअपेटाइट होतं, ते ४.५ पर्यंत टिकतं, म्हणून दात मजबूत होतो. ही ओळ अर्धीच आहे, आणि अर्धी असल्यामुळेच पुढे भरण निवडताना चूक होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शार्कच्या दाताचे तुकडे माणसाच्या तोंडात बसवले गेले. शार्कचं एनॅमल जवळपास शुद्ध फ्लोरअपेटाइट असतं, त्यात सुमारे ३० हजार पीपीएम फ्लोराईड. तरीही प्लाकखाली ते विरघळलं. माणसाच्या एनॅमलपेक्षा कमी, पण विरघळलं. दुसरीकडे, रोज फ्लोराईडच्या पाण्याने चूळ भरली तर माणसाचं साधं एनॅमलही जवळपास शार्कच्या एनॅमलइतकंच तग धरतं. माझ्या मते हा प्रयोग पहिल्या वर्षीच शिकवायला हवा. स्फटिकात कोंडलेल्या फ्लोराईडपेक्षा स्फटिकाभोवतीच्या द्रवात मोकळं असलेलं फ्लोराईड जास्त कामाचं, हे त्यातून एका फटक्यात कळतं.

हे मोकळं फ्लोराईड अगदी थोडं असलं तरी पुरतं. ते स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याचं विरघळणं रोखतं आणि पीएच वर आला की खनिज परत बसण्याचा वेग वाढवतं. आम्ल वातावरणात त्याचा काही भाग हायड्रोजन फ्लोराईड होऊन जीवाणूच्या आत शिरतो आणि एनोलेज या एन्झाइमला अडवतो. पण दात वाचवण्यात सिंहाचा वाटा पहिल्या दोन कामांचा. मग इतकं थोडं पुरत असेल तर ५००० पीपीएमचं जेल कशाला? कारण जास्त संहतीचं फ्लोराईड दातावर आणि प्लाकमध्ये कॅल्शियम फ्लोराईडसारखे बारीक गोळे जमवतं. तो साठा. पीएच पडला की तो फ्लोराईड सोडतो, म्हणजे गरज असते तेव्हाच. ट्रेमधलं जेल म्हणजे रोज भरलेली तिजोरी.

या तिजोरीला एक मर्यादा आहे आणि ती नेमकी याच रुग्णात जाणवते. खनिज परत बसायला फ्लोराईडसोबत कॅल्शियम आणि फॉस्फेट लागतात. ते आणते लाळ, आणि लाळच नाही. म्हणून इथे फ्लोराईड ऱ्हास रोखण्यात जितकं चालतं तितकं भरून काढण्यात चालत नाही. कॅल्शियम-फॉस्फेट असलेली क्रीम जोडण्यामागचा तर्क हाच. पण ती जेलच्या जागी नव्हे, जेलच्या सोबत.

जेलच्या आकड्याबद्दल थोडं थांबतो, कारण इथे दरवर्षी हमखास गुण जातात. बाटलीवर "१.१ टक्का सोडियम फ्लोराईड" लिहिलेलं असतं, ते संयुगाचं प्रमाण. सोडियमचा अणुभार २३, फ्लोरीनचा १९, एकूण ४२. म्हणून १.१ ला १९/४२ ने गुणायचं. उत्तर सुमारे ०.५ टक्का, म्हणजे ५००० पीपीएम. त्याच हिशोबाने ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं वार्निश सुमारे २२,६०० पीपीएम होतं. मात्र "१.२३ टक्के एपीएफ" लिहिलं असेल तर तो आकडा थेट फ्लोराईड आयनचाच आहे. १२,३०० पीपीएम, गुणाकार नाही. हा फरक न कळल्यामुळे मुलं एपीएफला सुमारे ५,६०० पीपीएम करून ठेवतात.

एपीएफ या रुग्णात तसंही नको. त्याचा पीएच ३.५ च्या आसपास असतो. तोंडाच्या कोरड्या, हुळहुळ्या अस्तराला ते झोंबतं, दाढेवरची सिरॅमिकची कॅप खरबरीत करतं, आणि ग्लास आयनोमरचा पृष्ठभाग खातं. प्रश्नात ती कॅप मी उगाच घातलेली नाही.

आता भरण. झिंक ऑक्साइड युजेनॉल तात्पुरतं, ते सोडून देऊ. अमाल्गमला पकड मिळवायला चांगला दात कापून खोबण करावी लागते. मुळावर, दीड मिलिमीटरच्या उथळ खड्ड्यात ते अवघड आणि नुकसानकारक. खरी लढत ग्लास आयनोमर आणि कॉम्पोझिट यांच्यात.

ग्लास आयनोमरच्या बाजूने बोलायला भरपूर आहे. विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास आणलेलं हे सिमेंट डेंटिनच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतं. बाँडिंगच्या पायऱ्या लागत नाहीत, ओलावा थोडा चालतो. फ्लोराईड पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात सुटतं, मग आठवड्यांत बरंच खाली येऊन थोडं थोडं झिरपत राहतं. बाहेरून फ्लोराईड मिळालं तर पुन्हा भरूनही घेतं. दुबळेपण कुठे? ते ठिसूळ आहे, आणि त्याच्या रचनेत पाणी आहे. कोरड्या तोंडात ते पाणी गमावतं, सुकतं, तडे जातात. लाळेने न धुतलेलं प्लाकचं आम्ल त्याला सावकाश कुरतडतं.

किरणोपचारानंतरच्या कोरड्या तोंडांत हीच भरणं घालून रुग्णांच्या मागावर राहिलेले अभ्यास झाले आहेत, आणि त्यांनी जे दाखवलं ते या प्रश्नाचं मर्म आहे. जे रुग्ण फ्लोराईड जेल नियमित लावत होते, त्यांच्यात भरणाच्या कडेला नवी कीड कुठल्याच पदार्थाजवळ झाली नाही. जेलनेच ते काम केलं. पण साध्या ग्लास आयनोमरची झीज आणि कडेची तुटफूट मात्र जास्त दिसली. जे लावत नव्हते, त्यांच्यात कॉम्पोझिटच्या कडेला कीड फिरून आली, आणि ग्लास आयनोमरच्या कडेला ती कितीतरी कमी होती. भरण झिजलं, तरी दात वाचला.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॉम्पोझिट. कीड रोखण्याचं काम जेल रोज करतं आहे, भरणाने फक्त टिकून राहायचं आहे. त्या तोंडात ग्लास आयनोमरचं फ्लोराईड म्हणजे भरलेल्या विहिरीत ओंजळभर पाणी. त्यासाठी टिकाऊपणा गमावणं शहाणपणाचं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्लास आयनोमर. तिथे कडेपाशी फ्लोराईडचा दुसरा भरवशाचा स्रोतच नाही, आणि दर काही वर्षांनी भरण बदलावं लागलं तरी ते परवडतं. दात काढावा लागणं परवडत नाही. ६६ ग्रे घेतलेल्या खालच्या जबड्यात दात काढला तर जखम न भरता हाड मरण्याचा धोका असतो. उत्तरात हे वाक्य आलं की मी बाकीच्या लहान चुका माफ करतो.

मुलींपैकी एकीने पहिल्या प्रश्नाखाली पेनाने लिहिलं होतं: "सर, रेझिन मिसळलेलं ग्लास आयनोमर पर्यायात का नाही?" रास्त शंका. ते दोन्हींच्या मधलं आहे. प्रकाशाने पटकन घट्ट होतं, साध्यापेक्षा कमी झिजतं, फ्लोराईडही सोडतं, आणि जेल न लावणाऱ्यांत त्यानेही कडेची कीड चांगली रोखली. पर्यायात ते असतं तर प्रश्न धूसर झाला असता, कारण रुग्ण जेल कधी लावतो, कधी नाही, अशा खऱ्या माणसासाठी मीही तेच निवडेन. दीर्घोत्तरी प्रश्नात ते जरूर लिहावं, पण कारणासकट.

चार पट्ट्यांचं काय? इथे बरेच जण घाईने "भरण करेन" लिहितात. खड्डा नाही, साफ करता येतं, जाळी शाबूत आहे. तिथे ड्रिल न्यायचं नाही. ५ टक्क्यांचं वार्निश दर तीन महिन्यांनी, घरी जेल, आणि पुढच्या भेटीत बोथट टोकाच्या प्रोबने हलक्या हाताने स्पर्श. टोचायचं नाही, फक्त घासून बघायचं. थांबलेला पट्टा कडक होतो, बहुधा गडद होतो, त्यावर चमक येते. रंग गडद झाला म्हणून कीड वाढली असं लिहिणारा विद्यार्थी बरं होत आलेलं मूळ कोरून टाकतो. निर्णय रंगाने करायचा नाही, कडकपणाने करायचा. दुसऱ्या प्रश्नातल्या रुग्णाला घरचं जेल नको आहे, पण दवाखान्यात लावलेलं वार्निश तो बहुधा सहन करेल. तसं विचारून बघणं उपचार-आराखड्यात यायला हवं.

तोंडी परीक्षेत पुढे कृती विचारतात. ग्लास आयनोमरसाठी पोकळी साफ झाल्यावर सौम्य पॉलीअॅक्रिलिक आम्लाचं कंडिशनर १० ते २० सेकंद, धुणं, आणि मग दात वाळवून टाकायचा नाही, किंचित दमट ठेवायचा. भरल्यावर लगेच वार्निश किंवा रेझिनचा लेप. पहिल्या काही तासांत पाणी लागलं तर अजून न बांधलेले आयन धुऊन जातात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो, सुकलं तर तडे जातात. कोरड्या तोंडात दुसरी भीती मोठी, म्हणून लेप टाळायचा नाही. घासून गुळगुळीत करणं दुसऱ्या दिवशी.

कॉम्पोझिटचा कच्चा दुवा खालची कड. तिथे एनॅमल नाही, आणि घट्ट होताना कॉम्पोझिट आकारमानाने दोन-तीन टक्के आकसतं. वरच्या कडेला एनॅमलचा बंध घट्ट, खालचा डेंटिनचा सैल, त्यामुळे फट पडली तर खाली पडते. म्हणून हिरडीत दोरा घालून खालची कड स्पष्ट उघडायची, डेंटिन अति वाळवायचं नाही, आणि थर तिरके, वेगवेगळे घट्ट करायचे.

परीक्षकांनी विचारावा असा शेवटचा प्रश्न मीच एका मुलाला विचारला.

"कॉम्पोझिट भरलंस. सहा महिन्यांनी काका आले. खालच्या कडेला तपकिरी रेघ आहे. काय करशील?"

तो म्हणाला, "सर, आधी प्रोबने बघेन. कडक असेल तर डाग आहे, घासून चकाकी देईन. मऊ असेल तर कीड फिरून आली."

"मऊ आहे."

"मग त्यांना विचारेन, जेल चालू आहे का."

"दोन महिन्यांपूर्वी सोडलं."

तो थोडा थांबला. "मग आता ते दुसऱ्या प्रश्नातले रुग्ण झाले, सर. पूर्ण भरण काढणार नाही. वरचं चांगलं आहे. खालची कड उघडून मऊ भाग काढेन आणि तिथे ग्लास आयनोमर घालेन. बाकीच्या मुळांना त्याच दिवशी वार्निश. आणि जेल का सोडलं ते विचारेन. आग होते म्हणून सोडलं असेल तर ट्रे काठाला टोचतो का, जेल खरंच उदासीन आहे का, की कुणी एपीएफ दिलं, हे तपासेन."